आखाजीची फिल्म : एडिटच्या नोंदी

(२३ मार्चला वर घातलेली ओळ : या नोंदींत सगळीकडे तिचं नाव होतं. काल रात्री ते काढून 'मावशी' केलं. मग बाकीच्यांचीही नावं काढली, नाहीतर एकच मोकळी जागा उठून दिसते. गावाचं नावही काढलं. तालुका राहू दिला आहे. अमळनेर तालुक्यात गावं भरपूर.)

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

रफ कट झाला. ७८ मिनिटं. एकूण फुटेज ६२ तासांचं, त्यात मागच्या वर्षीच्या आखाजीचे (१० मे) चार दिवस आणि नंतरच्या पाच खेपा. एडिटर म्हणते अजून दहा मिनिटं गळतील. मला वाटतं पंधरा.

फिल्म कशावर आहे हे अनुदानाच्या अर्जात दीड पानात लिहिलं होतं, इथे दोन ओळींत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, गौराई, झोके, घागर, आमरस. आणि सगळ्या बहिणी एकाच वेळी माहेरी सापडतात म्हणून हक्कसोडीच्या सह्याही त्याच दिवसांत उरकून घेतल्या जातात. महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित जमिनीत बरोबरीचा हिस्सा १९९४ पासून आहे, देशभर २००५ पासून. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उरलासुरला घोळही मिटवला. कायदा कागदावर आला तशी हक्कसोडही कागदावर आली. आधी विचारायचीच गरज नव्हती, आता सही लागते, म्हणून बहिणीला रिक्षात घालून तालुक्याला नेतात.

मावशी ७८ पैकी ४३ मिनिटं पडद्यावर आहे. दुसरी बाई (चोपड्याकडची ताई) १४ मिनिटं. फाइन कट ३१ मार्चला द्यायचा. टीझर २० जानेवारीला पाठवून झाला, त्यावर "फार ताकदीचं" असं उत्तर आलं. दीड मिनिटाचा टीझर, शेवटचं वाक्य मावशीचं: "सही लिधी नी साडी दिधी." मग काळा पडदा.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मावशीचा फोन. ती कधी फोन करत नाही, मिस कॉल देते.

"भाऊ, माले त्या पिक्चरमाईन काढी टाक."

मी का म्हणून विचारलं. "काढी टाक, बस. आते काय इचारू नको." मागे कोणीतरी भांडी घासत होतं. फोन ठेवला.

एडिटरला सांगितलं नाही. आज ती दुसऱ्या सीनचा आवाज जुळवते आहे, जुळवू दे.

८ फेब्रुवारी, शनिवार

जळगावहून अमळनेर, तिथून गावाची एसटी. कॅमेरा नेला नाही. कॅमेऱ्याशिवाय त्या घरी मी पहिल्यांदाच गेलो, हे ओट्यावर चढताना लक्षात आलं. हात कुठे ठेवायचे कळेना.

"बठ. चहा ठेवस."

चहा होईपर्यंत ती बोलली नाही. मग जे सांगितलं ते असं. तिच्या मोठ्या भावाचा मुलगा सुरतेला लूमवर आहे. त्याच्या मोबाइलवर टीझर आला. त्यानं बापाला दाखवला. बाप, म्हणजे मावशीचा भाऊ, मंगळवारी तापी ओलांडून इकडे आला. ओट्यावर बसला. "पानी बी नई पिधं." तासभर बसून उठून गेला. एक शब्द बोलला नाही, भांडलासुद्धा नाही. भांडला असता तर मी तुला फोन केला नसता, असं ती म्हणाली.

मी विचारलं, तुम्ही सांगितलं त्यात काही खोटं आहे का? विचारायला नको होतं, पण विचारलं.

"खोटं बोलनू का मी? नई. पन बोलनू ते घरमा बोलनू. तू घरमा बठेल व्हता."

ती काय म्हणते ते मला तिथे पूर्ण कळलं नाही, एसटीत कळलं. तिसऱ्या मुलाखतीच्या वेळी माझी त्या घरी जायची सातवी खेप होती. कॉलर माइक पदराखाली लावलेला, कॅमेरा कोनाड्यात, दिवाही नाही, खिडकीचा उजेड. ती भाकरी थापत बोलत होती आणि मी पाटावर बसून ऐकत होतो. आम्ही यालाच चांगलं शूटिंग म्हणतो. समोरच्याला कॅमेऱ्याचा विसर पडला की साउंडवाला मला डोळ्यांनी खूण करतो.

निघताना ती म्हणाली, "जमीन गयी तं गयी. भाऊ जावाले नको." पावणेतीन महिन्यांवर आखाजी आहे. माहेरी न्यायला मुराळी येतो की नाही, तिचं लक्ष तिकडे.

१० फेब्रुवारी, सोमवार

टीझर बाहेर कसा गेला ते शोधलं. लिंकला पासवर्ड होता. मी तो अनुदान देणाऱ्यांना पाठवला, आणि उत्साहात कॅमेरावाल्या दादालाही. दादानं धुळ्याच्या एका मित्राला दाखवायला डाउनलोड केला. मित्रानं "आपल्या खान्देशची फिल्म" म्हणून एका ग्रुपवर टाकला. वाईट कोणाच्याच मनात नव्हतं. लिंक बंद केली, पण ती फाइल आता माझी राहिलेली नाही. माहीत असलेल्या सहा जणांना फोन करून पुसायला सांगितली. सातवा कोण ते कळायला मार्ग नाही.

मग मूळ मुलाखत पुन्हा लावली. टीझरसाठी आम्ही "सही लिधी नी साडी दिधी" वर कापलं होतं. त्या वाक्यानंतर अकरा सेकंद ती गप्प आहे, भाकरी उलटते. आणि मग सांगते की नवरा नागपूरला दवाखान्यात होता तेव्हा याच भावानं बैलजोडी विकून पैसे आणून दिले, आणि ते कधी मागितले नाहीत. हे चाळीस सेकंद रफ कटमध्येही नाहीत. माझ्याच हस्ताक्षरात शेरा आहे: "धार कमी होते. वगळा."

१२ फेब्रुवारी, बुधवार

वकील मित्राकडे गेलो. त्यानं संमतीपत्र वाचलं. त्यात स्पष्ट आहे, "ही संमती मागे घेता येणार नाही." हे कलम मी एका परदेशी नमुन्यावरून मराठीत आणलं होतं, का ते आठवत नाही. सगळ्यांच्या फॉर्मवर असतं म्हणून असेल. तो म्हणाला, कागद तुझ्या बाजूचा आहे. फुटेजची मालकी तुझी. तिनं आखाजीची गाणी म्हटली आहेत तेवढ्यापुरता कलाकार म्हणून तिचा हक्क निघतो, पण लेखी संमती देऊन एकदा फिल्ममध्ये घेऊ दिलं की निर्मात्याला अडवता येत नाही. खाजगीपणाचा अधिकार २०१७ च्या निकालानं मूलभूत ठरला आहे, त्यावर ती कोर्टात जाऊ शकते, पण जाणार आहे का? २०२३ चा डेटा संरक्षण कायदा संमती मागे घ्यायचा हक्क देतो, मात्र तो अजून अमलात आलेला नाही.

मग मी सहज विचारलं, तिची २०११ ची हक्कसोड आज रद्द करायची म्हटलं तर?

तो हसला. नोंदणीकृत दस्त आहे. फसवून किंवा दबाव आणून घेतली हे दिवाणी कोर्टात सिद्ध करावं लागेल, आणि त्याची मुदत केव्हाच उलटली. तुझा कागद मात्र तू मनात आणलंस तर आत्ता फाडू शकतोस, त्याला कोर्ट लागत नाही.

चहाचे पैसे त्यानं दिले.

१५ फेब्रुवारी, शनिवार

हे लिहायचं टाळत होतो.

संमतीपत्रावर सही घेताना आम्ही कॅमेराही चालू ठेवतो, म्हणजे उद्या कोणी "मला वाचता येत नव्हतं" म्हणू नये. मावशीची ती क्लिप आज काढली. `AKH_D03_C041`. आखाजीचा दुसरा दिवस, रात्रीचे पावणेदहा. दिवसभर पाहुण्यांची पंगत उरकलेली आहे, ती भिंतीला टेकून बसली आहे, पायाशी परात. मी अडीच मिनिटांत दोन पानी कागद वाचून दाखवतो. माझा आवाज घाईचा आहे, कारण साउंडवाल्याची जळगावची शेवटची गाडी चुकत होती. कागद सरकवतो. आणि म्हणतो, "राजीखुशीनं देताय ना, मावशी?"

ती म्हणते, "हा."

त्या प्रश्नावर मी क्लिप थांबवली. तिसऱ्या मुलाखतीत निबंधक कार्यालयाचा प्रसंग आहे, रफ कटमधला सगळ्यात जमलेला सीन, अकरा मिनिटांचा. आखाजीनंतरचा सोमवार, दोघी बहिणी आणि दोघे भाऊ एका रिक्षात. यंत्रावर अंगठा, छोट्या कॅमेऱ्यासमोर फोटो. टेबलामागचा माणूस मान वर न करता विचारतो, राजीखुशीनं देताय ना? त्या माणसाची नक्कल करून ती हसते. आणि स्वतःचं उत्तर सांगते, "हा."

दोन्ही "हा" मी टाइमलाइनवर एकाखाली एक लावून ऐकले. दुसरं थोडं जास्त दमलेलं आहे. दुसरं म्हणजे माझं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आता एडिटरला सगळं सांगितलं आहे. ती पुण्यात, रोज रात्री फोन. तिचं म्हणणं, काढायच्या आधी झाकून बघू. चेहरा ब्लर, आवाज बदल, नाव बदल. तीन दिवस तेच केलं. या कामातल्या अडचणी नोंदवून ठेवतो, पुढे कोणाला उपयोगी पडतील.

चेहऱ्यावर गोल लावून ट्रॅकर सोडला की तो समोरून बघणाऱ्या चेहऱ्याला चांगला धरतो. पण ती चुलीच्या धुरातून जाते, दाराच्या चौकटीआड होते, पदरानं तोंड पुसते, तिथे गोल मागे राहतो आणि एक-दोन फ्रेम चेहरा उघडा पडतो. बघताना कळतही नाही, पण पॉज करणाऱ्याला एक फ्रेम पुरते. म्हणजे ४३ मिनिटं फ्रेम फ्रेम तपासणं आलं. नुसता आवाज जाड-बारीक करून भागत नाही, तो उलटा फिरवून मूळच्या जवळ नेता येतो. दुसऱ्या कोणाकडून तेच शब्द बोलून घेणं सुरक्षित. मग बोली आडवी येते. आमच्या ओळखीची नटी जळगावच्या पूर्वेकडची, तिच्या घरी लेवा बोली. तिनं अहिराणी वाचली ती बरोबर वाचली, पण अमळनेरकडचा माणूस पहिल्या वाक्याला म्हणेल की ही बाई इथली नाही.

आणि हे सगळं जमलं तरी झाकायचं कोणापासून? ते तपासायला माझ्या आईची दहा सेकंदांची क्लिप घेतली. ती स्वयंपाकघरात भाकरी करते आहे. चेहरा पूर्ण काळा केला, आवाज काढला, मामेभावाला पाठवली आणि फक्त विचारलं, ब्लर कसा वाटतो? त्याचं उत्तर एका मिनिटात आलं: "ब्लर ठीक. आत्या इतक्या लवकर भाकरी का टाकतेय, कोणी येणार आहे का?"

परक्या माणसासाठी चेहरा गेला की बाई गेली. मावशीला परक्यांची भीतीच नाही. अॅमस्टरडॅमच्या थिएटरातल्या तीनशे माणसांनी तिचा चेहरा रोज पाहिला तरी तिला काही फरक पडत नाही. तापीच्या पलीकडच्या एका घरातल्या एका माणसाला ती दिसायला नको आहे, आणि तो तिला पाठमोरी ओळखतो.

२४ फेब्रुवारी, सोमवार

लॅपटॉप घेऊन गेलो. म्हटलं, काढायचं तर आहेच, पण एकदा बघा तरी. तिनं रफ कट आजवर पाहिला नव्हता. तिच्या आधी तो नऊ माणसांनी पाहिला होता, त्यातले चार तिला कधी भेटलेले नाहीत.

खाटेवर बसून पूर्ण ७८ मिनिटं बघितलं. घागरीचा सीन आला तेव्हा जोरात हसली. घागरीवरचं डांगर ठेवताना तिच्या नातवानं ते आधीच टोकरलेलं होतं आणि तिनं ती बाजू भिंतीकडे फिरवली, तेवढं आमच्या कॅमेऱ्यानं टिपलं आहे. मला ते नऊ महिने दिसलं नव्हतं. गौराईच्या गाण्यात ती पुढे म्हणते आणि बाकी बाया मागून उचलतात, तिथे ती लॅपटॉपसोबत पुटपुटत होती. निबंधक कार्यालयाचा सीन सुरू झाल्यावर उठली आणि चुलीपाशी जाऊन पाठ करून बसली. आवाज मात्र कमी करू दिला नाही.

संपल्यावर मी ते वगळलेले चाळीस सेकंद दाखवले. बैलजोडीचे. म्हटलं, हे घातलं तर? भावाची दुसरी बाजू येईल.

तिनं बराच वेळ विचार केला. मग म्हणाली की हे तर अजून वाईट. सही घेतली हे गावाला ठाऊक आहे, सगळ्यांच्याच घरात घेतात. बैल विकले हे कोणालाच ठाऊक नाही. त्यानं ते कोणाला सांगितलेलं नाही आणि मी सांगितलं तर त्याचं देणं मी गावात वाजवून फेडल्यासारखं होईल.

मग मी ब्लरचा नमुना दाखवला. ती लगेच म्हणाली, "घागर कोन भरस ते हातवरथीन वळखतस लोके."

शेवटचा पर्याय म्हणून विचारलं, फिल्ममधून काढतो, पण फुटेज कुलपात ठेवू का? वीस वर्षं कोणी बघणार नाही, असं लिहून देतो.

"मी मरी गऊ तरी भाऊना पोरे शेतस ना."

बाहेर पडलो तेव्हा अंधार पडला होता. तिनं कळण्याच्या दोन भाकरी आणि ठेचा बांधून दिला. एसटी स्टँडवर खाल्ला.

१ मार्च, शनिवार

अनुदान देणाऱ्यांना कळवलं. मावशी काढतो आहे, पूर्ण. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून विचारलं, "मग राहतं काय?" मी म्हटलं, ३५ मिनिटं. त्या म्हणाल्या, लघुपट म्हणून घेऊ, पण उरलेला हप्ता त्या मानानं होईल. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की टीझर आम्हाला पाठवण्याआधी तिला का दाखवला नव्हता? उत्तर नव्हतं. दाखवला असता तर हा सगळा प्रश्न जानेवारीत आला असता, फोनवर, दहा मिनिटांत, आणि सुरतेला काहीच पोचलं नसतं.

दादा चिडला आहे. त्याचं मत: उद्या प्रत्येकजण असं म्हणाला तर डॉक्युमेंटरी बनायचीच नाही. आमदारानं असा फोन केला असता तर काढलं असतंस का? नसतं. आमदार घरातलं बोलत नाही, आणि त्याला मुराळ्याची वाट बघायची नसते. हे त्याला पटलं नाही. मलाही ते पूर्ण उत्तर वाटत नाही, पण सध्या हेच आहे.

१२ मार्च, बुधवार

माणूस फिल्ममधून काढणं म्हणजे त्याचे शॉट काढणं, असं मी समजत होतो. ते पहिल्या दिवशी दुपारपर्यंत झालं. बाकीचे नऊ दिवस ती दिसत नाही पण आहे, अशा जागा शोधण्यात गेले.

चोपड्याकडची ताई तिच्या मुलाखतीत दोनदा मावशीचा उल्लेख करते, नात्यानं, नाव न घेता. ते नातं ऐकलं की दोन गावांत तरी माणूस कळतो. काढलं. सातबाऱ्याचा एक क्लोजअप होता, गट क्रमांक आणि कंसातली नावं वाचता येतात. काढला. मावशीच्या दारातल्या निंबाला बांधलेला झोका. मुली झोका घेतात, मावशी कुठेच नाही, पण तो निंब कोणाच्या दारात आहे हे गावात शेंबड्या पोराला ठाऊक. काढला. फार सुंदर शॉट होता, एवढं लिहितोच.

गाण्याचं सगळ्यात अवघड गेलं. चौदा बाया, एकच बूम माइक. मावशी ओळ टाकते, तेरा जणी उचलतात. तिचा आवाज वेगळा काढता येत नाही, तो सगळ्यांच्या आवाजाखाली सांडलेला आहे. एडिटरनं तिच्या ओळी कापल्या आणि फक्त मागच्यांचं उचलणं ठेवलं. ओळ नाही, नुसता प्रतिसाद; मधे तेवढीच शांतता, मग पुन्हा प्रतिसाद. ऐकून अंगावर काटा आला. मी म्हटलं, हीच फिल्म, हीच सुरुवात. तिनं फोनवर जरा वेळ घेतला आणि म्हणाली, पुढे कोण म्हणतं हे गावात माहीत आहे ना? मग ही मोकळी जागा म्हणजे तिचं नावच झालं की.

गाणंही गेलं.

२२ मार्च, शनिवार

पुसण्याचा दिवस. तीन प्रती होत्या: माझ्याकडे जळगावला, दादाकडे धुळ्याला, एडिटरकडे पुण्याला. तिन्ही डिस्क आज माझ्या टेबलावर आहेत. एडिटर स्वतः घेऊन आली. दादानं मुलासोबत पाठवली, चिठ्ठी नाही.

टाइमलाइनवर कापलं म्हणजे फाइलमधून गेलं असं होत नाही. ज्या क्लिपमध्ये ती आणि दुसरं कोणी एकत्र आहे, तिथे हवा तेवढाच तुकडा नव्यानं एक्स्पोर्ट करायचा आणि मूळ क्लिप सोडून द्यायची. अशा ३१ क्लिप निघाल्या. मग ठेवायचं ते सगळं नव्या डिस्कवर नेलं. जुन्या डिस्कवरून नुसतं डिलीट केलं तर फक्त यादीतलं नाव जातं, फाइल तिथेच पडून राहते, तिच्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. म्हणून पूर्ण डिस्कवर शून्यं लिहायला लावली. प्रत्येकीला कित्येक तास लागतात. पंखा लावून बसलो.

याशिवाय प्रॉक्सी, म्हणजे एडिटसाठी केलेल्या हलक्या प्रती. त्या वेगळ्या फोल्डरमध्ये असतात आणि हमखास विसरतात. मुलाखतीचे टंकलेख. रफ कटचे चार एक्स्पोर्ट. सॉफ्टवेअरच्या गॅलरीत रंग जुळवायला ठेवलेले तिच्या चेहऱ्याचे नऊ स्टिल. माझ्या मोबाइलमधले फोटो, त्यातला एक तिनंच काढायला लावलेला, नातवासोबतचा. तो प्रिंट करून घेतला, तिला द्यायला, आणि मग पुसला.

संमतीपत्राची मूळ प्रतही तिला देणार आहे. झेरॉक्स काढली नाही.

३१ मार्च, सोमवार

३४ मिनिटांचा कट गेला. चोपड्याकडची ताई आणि तालुक्याचा एक दस्तलेखक यांच्यावर उभा आहे. दोघांनी लॅपटॉपवर पूर्ण बघून, मग दुसरी सही दिली. नव्या फॉर्मवर "मागे घेता येणार नाही" हे वाक्य नाही. कट बघितल्यावरच्या सहीची जागा आहे, आणि ती होईपर्यंत काहीही बाहेर जाणार नाही असं आहे, टीझरसुद्धा. ताईनं कट बघून तिचं एक वाक्य काढायला लावलं, नवऱ्याच्या पगाराचं. काढलं. फिल्मला काही झालं नाही.

फिल्म बरी आहे. पहिली जास्त चांगली होती.

३० एप्रिल, बुधवार

आखाजी. घरीच. आईनं घागर भरली, आमरस-पुरणपोळी. संध्याकाळी चुलतभावांचा पत्त्यांचा डाव दोन वाजेपर्यंत. मावशीला फोन करावा असं दिवसभर वाटत होतं. मुराळी आला का, एवढंच विचारायचं होतं. पण ते विचारायचा आपला काय संबंध, म्हणून केला नाही.

१४ मे, बुधवार

साउंड मिक्स. साउंडवाल्यानं हेडफोन काढून मला बोलावलं. "हे ऐक." ताईच्या मुलाखतीत जिथे जिथे आपण शब्द कापलेत, तिथे ऐकू येणारी हवा कुठली आहे?

प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते. बोलणं कापल्यावर मधे पूर्ण निःशब्द ठेवलं तर कानाला खड्डा पडल्यासारखं होतं, म्हणून मुलाखतीनंतर सगळ्यांना गप्प बसवून त्या खोलीची मिनिटभर शांतता रेकॉर्ड करतात, आणि फटींत ती भरतात. रूम टोन. ताईच्या घरची आम्ही घेतली होती, पण शेजारच्या गिरणीचा आवाज शिरला होता. तेव्हा एडिटरनं मावशीच्या घरची वापरली, दोन्ही घरं मातीच्या भिंतीची, वर पत्रे, बेमालूम बसली. फाइलचं नाव `RT_ghar_01`. नावात कोणी नाही, चित्रात कोणी नाही, म्हणून पुसायच्या यादीत ती आलीच नाही. पूर्ण फिल्मभर तीच आहे, तुकड्यातुकड्यांनी.

फोन केला. म्हटलं, मावशी, सगळं पुसलं होतं, पण एक राहिलं आहे. तुमच्या घरातलं एक मिनिट. कोणीच बोलत नाही त्यात.

"कोनी बोलस नई तं मंग काय ऐकू येस?"

चुलीतलं लाकूड, लांब ट्रॅक्टर, आणि दोनदा तुमची कोंबडी.

ती खूप हसली. "ती कोंबडी? ती गयी आते. मांगला आयतवारले भाऊ उना व्हता."

मग म्हणाली ठेव नाहीतर काढ, तुझं तू बघ, आणि गिऱ्हाईक आलं म्हणून फोन ठेवला. तिचं कसलं गिऱ्हाईक, हे मला अजून माहीत नाही.

रूम टोन बदलला. संध्याकाळी आईला स्वयंपाकघरातून बाहेर बसवलं आणि तिथे साठ सेकंद नवा घेतला. ऐकल्यावर कळलं, फ्रिज चालू राहिला होता. बंद करून परत घेतला.